मेजावरचा परका हात

दिवाळीच्या सुट्टीत सोनपेठच्या आमच्या घरी, ओसरीतल्या जुन्या लाकडी मेजावर, मी भाच्याला डावा हात पालथा ठेवायला सांगितला आणि त्या हाताच्या उजव्या बाजूला खोक्याचा पुठ्ठा उभा केला. आता त्याला स्वतःचा हात दिसत नव्हता. पुठ्ठ्याच्या अलीकडे, त्याच्या छातीसमोर, कापडाच्या दुकानातून मागून आणलेल्या पुतळ्याचा डावा हात ठेवला. हा हात कुठून सुरू होतो ते कळू नये म्हणून भाच्याच्या खांद्यापासून पुतळ्याच्या मनगटापर्यंत पंचा पसरला. मग मी रंगाचे दोन सारखे ब्रश घेतले. एक त्याच्या झाकलेल्या तर्जनीवर, दुसरा पुतळ्याच्या तर्जनीवर. दोन्ही एकाच क्षणी टेकवायचे, एकाच दिशेनं ओढायचे, एकाच क्षणी उचलायचे.

अर्धा-पाऊण मिनिट तो नुसता बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मामा, ब्रश ह्या हातावर फिरायलाय अन् मला ह्याच हातावर लागायलंय.” आणखी थोड्या वेळानं, जरा दचकूनच, “हा माझाच हात वाटायलाय की.”

त्याला पक्कं ठाऊक होतं की तो हात पुतळ्याचा आहे. दुकानातून तो त्यानंच पिशवीत घालून आणला होता. तरीही वाटायचं ते वाटलंच. माहिती असणं आणि वाटणं यांच्यातली ही फट मला या प्रयोगात सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सरळ रेषेच्या टोकांना बाण जोडले की ती आखूड किंवा लांब दिसते. मोजपट्टी लावून खात्री केली तरी दिसायची थांबत नाही. इथे तसंच घडतं, फक्त रेषेच्या जागी आपला हात असतो.

हा प्रयोग अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन या दोघांनी केला आणि 1998 साली ‘नेचर’मध्ये अवघ्या एका पानात छापला. दहा माणसं, रबरी हात, दोन ब्रश, दहा मिनिटं. नंतर त्या माणसांना नऊ विधानं देऊन कोणतं कितपत पटतं ते विचारलं. त्यातली तीन विधानं या अनुभवाची होती: स्पर्श रबरी हाताच्या जागी जाणवला, तो समोर दिसणाऱ्या ब्रशामुळेच झाला असं वाटलं, रबरी हात माझाच वाटला. बाकीची सहा मुद्दाम घातलेली होती, उदाहरणार्थ मला दोन डावे हात आहेत असं वाटलं, किंवा माझा हात रबराचा होत चालला आहे असं वाटलं. लोक आपल्याला खूश करायला सगळ्यालाच हो म्हणत असतील, तर त्या सहांनाही हो म्हणतील, असा त्यामागचा विचार. होकार ठळकपणे आला तो पहिल्या तीनच विधानांना. असली भूल त्याआधीही कुणाच्या नजरेत आली नव्हती असं नाही. फ्रान्समध्ये तास्तव्हँ नावाच्या संशोधकानं 1937 सालीच लिहून ठेवलं होतं की कापडाखालून डोकावणारं खोटं बोट माणसं स्वतःचं समजून बसतात. पण ती भूल हवी तेव्हा लावता येते आणि हवी तेव्हा मोडता येते, हे 1998 नंतर कळलं.

आमच्या ओसरीत त्या दिवशी शेजारचे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. गंगाखेडच्या वारीला न चुकता जाणारे, कीर्तनात मनापासून रमणारे. भाच्याचा चेहरा पाहून ते म्हणाले, “हे तर संतांनी कधीच सांगून ठेवलंय. देह आपला नव्हेच. तुम्ही आज ब्रशानं दाखवलं एवढंच.” जनाबाईचं गाव इतकं जवळ असलेल्या मुलखात हे वाक्य सहज येतं, आणि ज्या श्रद्धेतून ते येतं तिच्याबद्दल मला आदर आहे. पण या प्रयोगातून तो निष्कर्ष निघत नाही. इंग्रजी पुस्तकांतही याचाच दुसरा अवतार भेटतो: मेंदू सहज फसतो, म्हणून ‘माझं शरीर’ हीच एक थाप आहे. मला दोन्ही पटत नाहीत. परका हात ‘माझा’ वाटायला लावणं किती अवघड आहे, किती अटी पाळाव्या लागतात आणि एक अट मोडली की सगळा खेळ कसा ढासळतो, हे ज्यानं स्वतः करून पाहिलंय त्याला मेंदू भोळा वाटणार नाही. तो मला पुरावा तपासणाऱ्यासारखा वाटतो.

म्हणून त्या दिवशी मी त्या गृहस्थांसमोरच प्रयोग बिघडवून दाखवला.

आधी वेळ बिघडवली. पुतळ्याच्या बोटावर ब्रश फिरवायचा आणि भाच्याच्या बोटावर तो सेकंदभर उशिरा. बाकी सगळं तेच, तोच हात, तोच पंचा, तीच नजर. भाचा म्हणाला, “गेलं.” प्रयोगशाळांतही हीच मुख्य तुलना असते, कारण दोन्ही वेळी ब्रश तितकेच फिरतात, नजर तिथेच असते, फरक फक्त एकाच वेळी असण्यानसण्याचा. किती उशीर खपतो तेही मोजलं गेलं आहे. जपानमध्ये सोतारो शिमादा आणि सहकाऱ्यांनी स्पर्श आणि दृश्य यांच्यातलं अंतर थोडं थोडं वाढवत नेलं, तेव्हा साधारण 300 मिलिसेकंदांपर्यंत भूल टिकली, त्यापुढे विरत गेली. 300 मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्साही नाही. हातानं दोन ब्रश फिरवताना हा ताळमेळ सांभाळणं किती कठीण आहे ते करणाऱ्यालाच कळतं. घरी करून पाहणाऱ्यांचा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथेच. दोन्ही हातांच्या कोपरांना मेजाचा टेका द्यावा आणि ब्रश मनगटातून न हलवता सबंध हातानं ओढावा, म्हणजे दोन्ही एकत्र चालतात.

मग हात फिरवला. पुतळ्याचा हात आडवा करून ठेवला, बोटं भाच्याच्या डावीकडे. डाव्या खांद्यातून असा हात निघूच शकत नाही. वेळ अचूक, ब्रश अचूक, तरी भूल नाही. मग हात काढून तिथे लाटणं ठेवलं. काहीच नाही. लंडनमध्ये मानोस साकिरिस आणि पॅट्रिक हॅगर्ड यांनी 2005 मध्ये हेच दोन बदल करून पाहिले, लाटण्याऐवजी त्यांच्याकडे लाकडी काठी होती. निकाल हाच आला.

इथे एक जुना वाद नोंदवायला हवा. चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे कॅलिफोर्नियात काम करणारे विलयनूर रामचंद्रन आणि त्यांच्या सहकारी कॅरी आर्मेल यांनी 2003 मध्ये म्हटलं होतं की नुसत्या मेजाच्या पृष्ठभागावर ब्रश फिरवला तरी काही जणांना तिथे स्पर्श जाणवतो. त्यांनी खोटं बोट मागे वाकवून दाखवलं, तेव्हा पाहणाऱ्याच्या तळव्याला घाम सुटण्याची खूण, म्हणजे त्वचेची विद्युतवाहकता, वाढलेली आढळली. त्यांच्या मते सगळा भर वेळेच्या जुळणीवर आहे, हाताच्या आकाराला फारसं महत्त्व नाही. माझा कौल साकिरिस-हॅगर्ड यांच्या बाजूनं आहे. रामचंद्रन यांच्याच निरीक्षणात मेजाचा परिणाम हातापेक्षा फिका होता. स्पर्श दुसरीकडे सरकल्यासारखा वाटणं आणि मेज ‘माझं’ वाटणं यांत अंतर आहे. लाटण्यावर ब्रश फिरताना भाचा म्हणाला होता, “तिकडं काहीतरी लागल्यावाणी वाटतंय, पण ते माझं नाही.” त्याचं हे वाक्य मला त्या वादाचं नेमकं उत्तर वाटतं.

अंतरालाही मर्यादा आहे. डोना लॉइड यांनी 2007 मध्ये खोटा हात खऱ्या हातापासून दूर दूर नेत पाहिलं, तर साधारण साडेसत्तावीस सेंटीमीटरच्या पुढे भूल झपाट्यानं उतरली. म्हणजे मेंदू एका बाजूला वेळ तपासतो, दुसऱ्या बाजूला वस्तू हातासारखी आहे का, खांद्याला जोडता येईल अशी ठेवली आहे का, हात पोचेल अशा जागी आहे का, हे पाहतो. सगळ्याला हो आलं तरच ‘माझा’ असा शिक्का बसतो. याला फसणं म्हणायचं असेल तर म्हणावं. सातबाऱ्यावर खोटी नोंद करायला ज्याला इतके कागद जुळवावे लागतात, तिथला तलाठी झोपलेला असतो असं आपण म्हणणार नाही.

आता हा शिक्का कसा बसतो ते पाहू. आपला हात कुठे आहे हे आपल्याला दोन वाटांनी कळतं. एक डोळा. दुसरी वाट आतली: स्नायूंचा ताण, सांध्यांचे कोन, कातडीची ओढ. अंधारात आपण घास तोंडाशी नेतो तो हिच्या जोरावर. ही आतली जाणीव उपयोगाची असली तरी ढोबळ आहे. डोळे मिटून डाव्या हाताची तर्जनी मेजावर ठेवा आणि मेजाखालून उजव्या तर्जनीनं बरोबर तिच्याखाली या. डोळे उघडून पाहाल तर दोन-तीन सेंटीमीटरची चूक सहज निघेल. डोळ्याची चूक याहून कितीतरी कमी असते.

दोन साक्षीदार वेगवेगळं सांगत असतील तर शहाणा न्यायाधीश ज्याची नजर पक्की त्याला जास्त वजन देतो. मेंदूही तसंच करतो, हे मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स यांनी 2002 मध्ये वेगळ्या प्रयोगांतून, डोळ्यानं पाहिलेली आणि हातानं चाचपलेली उंची ताडून, मोजून दाखवलं. मराठी माणसानं हे रंगमंचावर पुष्कळदा अनुभवलंय. रामदास पाध्ये अर्धवटरावाला मांडीवर घेऊन बसतात तेव्हा आवाज पाध्यांच्या गळ्यातून निघतो, पण आपल्याला तो बाहुल्याच्या तोंडातून येताना ऐकू येतो. आवाज नेमका कुठून आला हे ठरवण्यात कान कच्चा आहे, डोळा पक्का. हलणारं तोंड एक, आवाज एक, दोन्ही एकाच वेळी, म्हणून मेंदू आवाज त्या तोंडात नेऊन ठेवतो. पुतळ्याच्या हातावरचा ब्रश हेच करतो, फक्त कानाच्या जागी कातडी येते.

इथपर्यंत गोष्ट सोपी वाटते. पण आकडे मांडून पाहिले की ती अडते, आणि अडते तिथेच खरं कळतं. समजा पुतळ्याचा हात खऱ्या हातापासून 20 सेंटीमीटरवर आहे. डोळ्याची चूक 1 सेंटीमीटर धरा आणि आतल्या जाणिवेची 3. हे आकडे मी हिशेबापुरते घेतलेत. वजन चुकीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात द्यायचं असतं, म्हणजे डोळ्याला नऊ वाटे, आतल्या जाणिवेला एक वाटा. त्या हिशेबानं भाच्याला आपला हात 20 पैकी 18 सेंटीमीटर पुतळ्याकडे सरकलेला वाटायला हवा, जवळजवळ पुतळ्याच्या हातावरच.

तसं होत नाही. बॉटविनिक आणि कोहेन यांनी दुसऱ्या प्रयोगात हेच मोजलं होतं: डोळे मिटून, मेजाखाली, उजव्या तर्जनीनं डावीची जागा दाखवायची. बोट रबरी हाताच्या दिशेनं सरकायचं, आणि ज्यांना भूल जास्त वेळ टिकली म्हणून वाटलं त्यांचं जास्त सरकायचं. तेव्हापासून हे माप असंख्य वेळा घेतलं गेलंय आणि ते बहुधा काही सेंटीमीटरच भरतं. भाच्याचं मी मेजाखाली पट्टी चिकटवून मोजलं. ब्रश फिरवण्याआधी तो पुतळ्याच्या बाजूला एका सेंटीमीटरनं चुकला, नंतर त्याच बाजूला साडेतीननं. सरकणं झालं अडीच सेंटीमीटर. अठरा कुठे आणि अडीच कुठे!

ही तफावत कुठून येते? साक्षी एकत्र करण्याआधी मेंदूला एक प्रश्न सोडवावा लागतो: हे दोघे एकाच घटनेबद्दल बोलताहेत का? दिसणारा ब्रश आणि जाणवणारा ब्रश एकच असेल, तर साक्षी जुळवायच्या. दोन असतील, तर ज्याची त्याची वेगळी ठेवायची. लदन शम्स आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये रबरी हाताचा हिशेब याच रीतीनं मांडला. स्पर्श एकाच वेळी होतात हा ‘एकच घटना’ याच्या बाजूनं भक्कम पुरावा, कारण दोन असंबद्ध ब्रश मिनिटभर योगायोगानं जुळून चालणं फार दुर्मीळ. विरुद्ध बाजूला 20 सेंटीमीटरचं अंतर आणि आयुष्यभराची ओळख. म्हणून निकाल पूर्ण एका बाजूला झुकत नाही, आणि हाताची जागा थोडीच सरकते. सरकलेले अडीच सेंटीमीटर हे मला मेंदूच्या संशयाचं माप वाटतं, त्याच्या भोळेपणाचं वाटत नाही.

जागेच्या त्या मापाबद्दल एक सावधगिरी मात्र हवी. अनेक वर्षं संशोधक हे सरकणंच ‘माझेपणा’चा पुरावा म्हणून वापरत होते, कारण ते सेंटीमीटरमध्ये येतं आणि शब्दांवर अवलंबून नसतं. मारीएके रोडे आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की ब्रश अजिबात न फिरवता नुसतं रबरी हाताकडे पाहत राहिलं, तरी जागा सरकते, हात ‘माझा’ वाटो वा न वाटो. म्हणजे ‘माझा हात कुठे आहे’ आणि ‘हा हात माझा आहे का’ ही दोन खाती वेगळी आहेत. दोन्ही डोळ्याच्या आणि कातडीच्या साक्षीवर चालतात, पण एकाचा निकाल दुसऱ्याला बांधील नाही. माझ्या मते या विषयातलं हे सर्वांत कमी सांगितलं जाणारं सत्य आहे. ‘मी’ नावाचं एकसंध काहीतरी आत बसलंय आणि ते फसलं, असं आपण समजतो. मेंदूत मात्र निरनिराळी कामं करणारे हिशेब शेजारी शेजारी चाललेले असतात.

त्यातला माझेपणाचा हिशेब कुठे चालतो याचा माग हेन्रिक एर्सन यांनी घेतला. 2004 मध्ये त्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून हाच प्रयोग केला. भूल लागायला सरासरी 11 सेकंद लागले, आणि ती लागल्यावर कपाळामागच्या भागातलं प्रीमोटर कॉर्टेक्स जास्त कामाला लागलेलं दिसलं. ज्याला भूल अधिक गडद, त्याच्यात ते अधिक. माकडांच्या मेंदूत या भागात अशा पेशी आहेत की ज्या हाताला स्पर्श झाला तरी उत्तर देतात आणि हाताजवळ काही आलेलं नुसतं दिसलं तरी देतात, हे मायकल ग्राझियानो यांच्या कामातून आधीच माहीत होतं. दोन साक्षी ऐकणारं कुणीतरी लागतंच, ते अशा पेशींत आहे असं मानायला जागा आहे.

मग एर्सन यांनी डोळाच काढून घेतला. डोळ्यांवर पट्टी बांधायची, माणसाची डावी तर्जनी धरून ती रबरी उजव्या हातावर टेकवायची आणि त्याच क्षणी त्याच्या खऱ्या उजव्या हातावर त्याच ठिकाणी आपण टेकवायचं. दहा सेकंदांत पुष्कळांना वाटू लागतं की मी माझ्याच हाताला हात लावतोय. आमच्या ओसरीत सगळ्यांत जास्त परिणाम याचाच झाला. माझी बहीण, जिला ब्रशांनी काहीच वाटलं नव्हतं, ती पट्टी सोडून दोन्ही हात पाहत बसली. म्हणजे डोळा अपरिहार्य नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या बातम्या जुळल्या की पुरतं. डोळा बहुतेकदा जिंकतो तो त्याची नजर तेज म्हणून.

बहिणीला ब्रशांनी काही वाटलं नव्हतं, हेही लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक ठिकाणी काही माणसांना ही भूल लागतच नाही. आणि ज्यांना लागते त्यांच्याबद्दलही एक गंभीर शंका आहे. पीटर लश यांनी 2020 मध्ये तीनशेहून अधिक लोकांवर पाहिलं की जे सूचनेनं सहज प्रभावित होतात, संमोहनात लवकर जातात, तेच रबरी हात जास्त ‘माझा’ वाटला म्हणून सांगतात. काय वाटायला हवं याचा अंदाज आला की काही माणसं तसा अनुभव खरोखरच घडवतात, नकळत. एर्सन आणि इतरांनी याला उत्तर दिलंय, की एकाच वेळी फिरणारे आणि मागेपुढे फिरणारे ब्रश यांतला फरक अशा स्वभावानं पुरता समजावता येत नाही. मला एर्सन यांचं म्हणणं जास्त भरवशाचं वाटतं, कारण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शावर भूल मोडते हे कुणाच्या अपेक्षेत नसतं. पण लश यांची शंका मी वाऱ्यावर सोडत नाही. ओसरीत मी ती हाताळली ती अशी: कुणालाही आधी काहीच सांगायचं नाही, आणि ज्यांनी इतरांचं ऐकलंय त्यांचं बोलणं मोजायचं नाही. भाचा पहिला बसला होता, म्हणूनच त्याचे शब्द इथे देतो आहे. असाच एक दावा पुढे डळमळला तोही सांगायला हवा. भूल लागली की खरा हात थंड पडतो, असं 2008 मध्ये छापून आलं होतं. मेंदू जुन्या हाताला टाकून देतो, असा त्याचा सुंदर अर्थ लावला गेला. नंतरच्या काळजीपूर्वक मोजमापांत तो थंडावा काही सापडला नाही. व्याख्यानांतून मात्र तो अजून सांगितला जातो.

हे सगळं मी इतक्या आग्रहानं लिहितो त्याला आमच्या गल्लीतलं एक कारण आहे. उसाच्या पट्ट्यात जनावरांपुढे वाढी आणि कडबा बारीक करून टाकायचा तर घरोघरी कडबाकुट्टी असते, आणि चारा आत सारताना रोलरनं हात ओढल्याचं प्रत्येक गावात एखादं तरी उदाहरण असतं. गल्लीतल्या एका शेतकऱ्याचा उजवा हात मनगटाच्या वर असाच गेला. पुढे एका शिबिरात त्यांना कातडीच्या रंगाचा जोडहात मिळाला. दिसायला सुबक, बोटं न हलणारा. तो त्यांच्याकडे पेटीत असतो. लग्नकार्याला घालतात, घरी आले की काढतात. का काढता म्हणून विचारलं तेव्हा घाम येतो, जड होतो, पट्टा काचतो, ही कारणं त्यांनी सांगितली. आणि मग म्हणाले, “सर, तो माझा नाही हो. खुंटीला सदरा अडकवल्यासारखा आहे.”

आमचा प्रयोग पाहून त्यांनी स्वतःहून बाही वर केली. तुटलेल्या हाताच्या टोकावर काही जागा अशा असतात की तिथे स्पर्श केला तर नसलेली बोटं जाणवतात. सगळ्यांना असतं असं नाही, पण पुष्कळांना असतं. एर्सन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये हात गमावलेल्या 18 जणांवर याच आधारानं प्रयोग केला होता. टोकावरची तर्जनीची जागा शोधायची, तिथे ब्रश फिरवायचा आणि त्याच वेळी समोरच्या रबरी हाताच्या तर्जनीवर. अनेकांना रबरी हात आपला वाटला, धडधाकट हाताच्या मानानं जरा फिका.

आम्ही हळूहळू चाचपत गेलो. टोकाच्या बाहेरच्या कडेवर एका जागी ते म्हणाले, “थांबा. हे बोट.” तिथे एक ब्रश आणि पेटीतून आणलेल्या त्यांच्याच जोडहाताच्या तर्जनीवर दुसरा. मी शक्य तितका ताळ सांभाळला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बोटात आलं. त्या बोटात.” हात पूर्ण त्यांचा वाटला का, असं मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते माझ्यासाठी हो म्हणाले असते. मी ब्रश थोडा उशिरा फिरवायला लागलो, काही न सांगता. त्यांनी लगेच मान हलवली. “गेलं बगा.”

त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की त्यांचा जोडहात घालून वावरणं म्हणजे हा दुसरा, बिघडवलेला प्रयोग दिवसभर करत राहणं आहे. डोळ्याला दिसतं की बोटं पेल्याला टेकली. त्या वेळी कातडी काहीच सांगत नाही. कातडी सांगते तेव्हा पट्टा काचल्याचं सांगते, आणि तेव्हा डोळ्याला काही घडताना दिसत नाही. आकार हातासारखा, जागा बरोबर, खांद्याला जोडलेला, म्हणजे बाकीचे सगळे कागद जुळलेले. वेळेचा तेवढा एक कागद कधीच जुळत नाही. मेंदू जी तपासणी पुतळ्याच्या हाताची करतो तीच या हाताची करतो, आणि त्याच नियमानं त्याला नाकारतो. ‘सवय होईल’ असं अशा माणसाला सांगणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं. सवयीनं वजन अंगवळणी पडेल. न जुळणाऱ्या साक्षी मात्र सवयीनं जुळत नाहीत, तिथे स्पर्शाचीच व्यवस्था करावी लागते. शिकागोत पॉल मरास्को आणि टॉड कायकन यांच्या गटानं 2011 मध्ये तशी करून पाहिली. तुटलेल्या हाताचे मज्जातंतू शस्त्रक्रियेनं वरच्या कातडीकडे वळवले होते अशा लोकांत, कृत्रिम बोटाला झालेला स्पर्श एका यंत्रानं त्याच वेळी त्या कातडीवर पोचवला, आणि कृत्रिम हात ‘माझा’ वाटण्याकडे कल झुकला. वेळ मागेपुढे केली की झुकाव ओसरला. ओसरीतल्या ब्रशांचाच नियम तिथेही चालला.

ती शस्त्रक्रिया आणि ती यंत्रं आमच्या तालुक्यापासून फार लांब आहेत, आणि शिबिरातून मिळणारा हात उद्याही न बोलणाराच असेल. त्या दिवशी मी ब्रश खाली ठेवले तेव्हा त्यांनी ते उचलून पाहिले. एक जोडहाताच्या बोटांत खोचायचा प्रयत्न केला, बोटं वळेनात. मग डाव्या हातात घेऊन तो टोकावरच्या त्या जागेवर स्वतःच फिरवला आणि समोरच्या हाताकडे पाहत राहिले. दोन ब्रश एका हातानं चालवता येत नाहीत. त्यांनी मुलाला हाक मारली आणि दुसरा ब्रश त्याच्या हातात दिला.